शक्यतो, मान्यतेने, घरून

पुण्यातल्या कंपन्यांनी ‘वर्क फ्रॉम होम’ आणायच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्यातली सरकारी खाती त्याच प्रश्नाशी उलट्या बाजूने झुंजत होती. तिथे प्रश्न होता कर्मचाऱ्याला कामाच्या गावी कसं ठेवायचं. ‘मुख्यालयी राहणे बंधनकारक’ हे वाक्य शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी यांच्या आयुष्यात पगाराच्या स्लिपइतकंच नियमित येतं, आणि ‘अप-डाऊन’ हा शब्द या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जळकोट हे लातूर जिल्ह्याच्या टोकाचं, नांदेडच्या हद्दीजवळचं तालुक्याचं गाव. तिथल्या स्टँडवर सकाळी उभं राहिलं की उतरणारे कोण आणि चढणारे कोण, हे बॅगा पाहून ओळखता येतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने यावर तोडगा काढला. कर्मचारी मुख्यालयी राहतो की नाही, याला पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव मागितला. आता या आदेशाची गंमत पाहा. ठरवणार कोण, हे स्पष्ट झालं: ग्रामसभा. पण नक्की काय ठरवायचं, ते धूसरच राहिलं. आठवड्यात किती रात्री गावात काढल्या म्हणजे ‘राहणे’? शनिवारची रात्र धरायची का? खोली भाड्याने घेतली, कुलूप लावलं, आत एक सतरंजी आणि पाण्याचा माठ ठेवला, तर माठ राहतो की गुरुजी? गावाने हे प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवले. ज्या गुरुजींशी गावाचं जमतं ते राहतात, ज्यांच्याशी बिनसतं ते राहत नाहीत. निकष लिहिलेला नसला की निर्णय करणाऱ्याचा मूड हाच निकष होतो, आणि त्यात ग्रामसभेचा विशेष दोष नाही.

कामाच्या जागेविषयीच्या कोणत्याही नोटिशीत दोनच गोष्टी सांगायच्या असतात. बसतं कोण, आणि ठरवतं कोण. बहुतेक नोटिसांना यातली एक जमते. काहींना एकही जमत नाही, आणि अशा नोटिशीवर सह्या मात्र जास्त असतात.

कोरोनाच्या तोंडावर केंद्राच्या कार्मिक विभागाने १९ मार्च २०२० रोजी काढलेलं परिपत्रक घाईत लिहिलेलं असूनही तसं बरं होतं. गट ब आणि गट क मधले ५० टक्के कर्मचारी कार्यालयात, बाकीचे घरून. साप्ताहिक रोस्टर विभागप्रमुखाने लावायचं. गट कोणता आणि यादी कोण करणार, दोन्ही एका परिच्छेदात आलं. फक्त पहिल्या आठवड्याच्या रोस्टरमध्ये कार्यालयाच्या ‘जवळ’ राहणाऱ्यांना किंवा स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांना घ्यावं, असा सल्ला होता. जवळ म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं. दिल्लीतला ‘जवळ’ आणि मुंबईतला ‘जवळ’ यात दोन लोकलचं अंतर असतं. शिवाय घरून काम करणाऱ्याने फोनवर ‘सदैव’ उपलब्ध असावं, असंही म्हटलं होतं. म्हणजे कार्यालयात येणाऱ्याला सुटायची वेळ होती, घरी बसलेल्याला नव्हती.

याहून शिकण्यासारखं उदाहरण २०१७ चं आहे. मातृत्व लाभ कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती झाली. पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि कलम ५ मध्ये घरून कामाची तरतूद आली. तिचा आशय असा: स्त्रीला दिलेलं काम घरून करता येण्यासारखं असेल, तर रजा संपल्यावर मालक तिला तशी परवानगी देऊ शकतो, किती काळ आणि कोणत्या अटींवर, ते दोघांनी परस्पर संमतीने ठरवायचं. वाचायला किती समंजस! पण हे वाक्य घेऊन एखादी बाई एचआरच्या टेबलापाशी गेली की काय होतं, ते पाहावं. काम ‘घरून करता येण्यासारखं’ आहे, हे कोण म्हणणार? ती म्हणते आहे, मॅनेजर नाही म्हणतो. ‘देऊ शकतो’ म्हणजे न देऊही शकतो. आणि परस्पर संमती न झाल्यास कुणाकडे जायचं, याबद्दल कलम गप्प आहे. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे संशोधनाच्या कामातलं असं प्रकरण आलं, तेव्हा न्यायालयानेही कलमाचा रोख तोच सांगितला: कामाच्या स्वरूपाला झेपत असेल तरच. स्वरूपाला झेपतं का, हे सांगायला प्रत्येकीने न्यायालयात जावं, असा कायदा करणाऱ्यांचा हेतू नसणार.

आता हिंजवडीकडे येऊ. लातूर-नांदेडची बरीच पोरं तिकडेच गेली आहेत.

तिथल्या आयटी पार्कातला काही भाग विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ आहे. सेझच्या कायद्यानुसार ही जमीन सीमाशुल्काच्या हिशेबात देशाबाहेरची धरली जाते. त्यामुळे तिथे ड्यूटी न भरता आलेला लॅपटॉप पाठपिशवीत घालून फाटकाबाहेर नेणं हा साधा प्रकार राहत नाही. २०२० मध्ये सगळे लॅपटॉप घरी गेले. जळकोटच्या माळवदावर नेटवर्क शोधत बसलेल्या मुलाला कल्पनाही नव्हती, की त्याच्या मांडीवर कस्टमच्या भाषेत एक भानगड बसलेली आहे. या घरकामाला रीतसर चौकट मिळाली ती जुलै २०२२ मध्ये, सेझ नियमांत ४३-अ हा नवा नियम घालून.

नोटीस लिहिणाऱ्याने हा नियम एकदा तरी वाचावा. त्यात कर्मचाऱ्यांचे चार वर्ग सांगितले: आयटी आणि आयटीवर आधारित सेवा देणाऱ्या युनिटचे कर्मचारी, तात्पुरते अक्षम झालेले, प्रवासात असलेले, आणि बाहेरच्या ठिकाणी काम करणारे. मर्यादा सांगितली: युनिटच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या ५० टक्के. आणि एकूण म्हणजे कोण, हेही तिथल्या तिथे सांगितलं: कंत्राटी धरून. या दोन शब्दांनी किती मीटिंगा वाचवल्या असतील! ५० टक्क्यांहून जास्त लोक घरून बसवायचे असतील तर विकास आयुक्त मान्यता देऊ शकत होते, पण कारण लेखी नोंदवून. परवानगी एका वर्षाची, मुदतवाढ पुन्हा आयुक्तांकडूनच, एका वेळी एक वर्ष. आणि जे आधीच घरी बसलेले होते, त्यांच्यासाठी कंपन्यांनी मान्यता घ्यायला ९० दिवस.

म्हणजे वर्ग, मर्यादा, मर्यादा कशाची, अपवाद, अपवाद कोण करणार, कसा करणार, किती दिवस, आणि जुन्यांचं काय. सरकारी राजपत्राने कॉर्पोरेट एचआरला मारलेली ही चपराक आहे, फक्त ती राजपत्राच्या भाषेत मारल्यामुळे आवाज फार झाला नाही.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये हाच नियम बदलला. ५० ची मर्यादा १०० टक्के झाली, ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत. आणि आयुक्तांची परवानगी मागण्याऐवजी त्यांना ई-मेलने कळवणं पुरेसं झालं. वर्तमानपत्रांनी ‘शंभर टक्के’ हे शब्द मोठे छापले. खरा बदल दुसरा होता. जुलैत ठरवणारा आयुक्त होता, डिसेंबरात ठरवणारी कंपनी झाली. तोवर ‘आम्हाला द्यायचंच आहे हो, पण सरकारचं अप्रूव्हल...’ असं म्हणता येत होतं. आता ते वाक्य म्हणायची सोय गेली. आणि कर्मचाऱ्यांनीही एक गोष्ट चुकीची वाचली: नियमाने मुभा दिली ती कंपनीला. ‘शंभर टक्के’ म्हणजे मला हक्क मिळाला, असं समजून गावाकडे ट्रॅक्टरने कपाट हलवलेले लोक होते. कंपनीला परवानगी असणं आणि माणूस पात्र असणं या दोन वेगळ्या खोल्या आहेत, मधलं दार कंपनीने आपल्या नोटिशीत उघडायचं असतं.

ती नोटीस मात्र सर्वत्र साधारण अशी निघते:

‘पात्र कर्मचाऱ्यांना कामाच्या स्वरूपानुसार व व्यवस्थापनाच्या मान्यतेने आठवड्यातून शक्यतो दोन दिवस घरून काम करता येईल.’

एकाच ओळीत इतकी भुयारं खणायला कौशल्य लागतं. समजा, पुण्यातल्या एका मध्यम कंपनीत ही नोटीस लागली. टेस्टिंगमध्ये काम करणारा जळकोटचा एक मुलगा ती वाचतो. ऑक्टोबर आहे, गावाकडे सोयाबीन काढणीला आलेलं आहे, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशनही त्याच आठवड्यात उदगीरला आहे. दोन दिवस घरून काम मिळालं आणि पुढे शनिवार-रविवार जोडून आले, तर सगळं जुळतं. तो एचआरला विचारतो, ‘मॅडम, माझं बसतंय का ह्यात?’

मॅडम म्हणतात, मॅनेजरला विचारा. मॅनेजर म्हणतो, माझी हरकत नाही, पण अप्रूव्हल एचआरचं. एचआर म्हणते, आम्ही फक्त रेकॉर्ड ठेवतो. मॅनेजर म्हणतो, मग मी रेकमेंड करतो. रेकमेंडेशन कुणाकडे गेलं, हे दोघांनाही माहीत नसतं. सोयाबीनला मात्र ऑक्टोबरचा पाऊस कधीही गाठू शकतो, त्याला रेकमेंडेशन लागत नाही.

ही नोटीस दुरुस्त करायची तर पहिलं काम ‘पात्र’ या शब्दाचे दोन तुकडे करणं. एक पदाची पात्रता, दुसरी माणसाची. ‘कामाच्या स्वरूपानुसार’ हे काढून पदांची यादी द्यायची: टेस्टिंग, डेव्हलपमेंट, अकाउंट्स ही पदं बसतात; रिसेप्शन, सर्व्हर रूम आणि कुरिअर घेणारा बसत नाहीत. यादीत नाव नसलेलं पद बसत नाही, असं एक वाक्य शेवटी. यादी केली की भांडण होतं, म्हणून यादी टाळतात. पण ते भांडण एकदाच आणि एका खोलीत होतं. यादी नसली की तेच रोज होतं आणि कॅन्टीनमध्ये होतं.

माणसाच्या अटी लिहिताना कसोटी अशी: दोन वेगवेगळ्या कारकुनांसमोर एकच फाइल ठेवली तर दोघांचं उत्तर एकच यायला हवं. ‘समाधानकारक कामगिरी’ लिहिलं तर येणार नाही. ‘शेवटच्या वार्षिक मूल्यांकनात ३ किंवा अधिक गुण’ लिहिलं तर येईल. आपल्या जळकोटच्या मुलाची अडचण आणखी बारीक होती. नोटिशीच्या जोडपत्रात अट होती, ‘प्रोबेशन पूर्ण झालेले कर्मचारी’. तो मार्चमध्ये रुजू झालेला, प्रोबेशन सहा महिन्यांचं, म्हणजे सप्टेंबरात सहा महिने भरले. पण कायम केल्याचं पत्र अजून सहीसाठी कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडलेलं. मग प्रोबेशन पूर्ण झालं की नाही? त्याच्या हिशेबाने झालं, एचआरच्या हिशेबाने पत्र निघेपर्यंत नाही. अटीत ‘रुजू तारखेपासून १८० दिवस पूर्ण’ असं असतं तर प्रश्नच आला नसता, कारण दिवस मोजायला कुणाची सही लागत नाही. आणि इतक्या लवकर वार्षिक मूल्यांकनही झालेलं नसतं. तेव्हा मूल्यांकन न झालेल्यांना गुणांची अट लागू नाही की ते पात्रच नाहीत, हेही लिहावं लागतं. अटी एकमेकींना अशा टकरा देतात, म्हणून त्या मांडताना ‘खालील सर्व’ की ‘खालीलपैकी कोणतीही एक’ हे शब्द वर ठळक हवेत. हे विसरलं की चार अटींपैकी एकच पूर्ण करणारा माणूस छातीठोकपणे अर्ज करतो, आणि तो चूकही नसतो.

अपात्रता कशी लिहावी याचा धडा अमेरिकेच्या संसदेने दिला आहे. २०१० च्या त्यांच्या टेलिवर्क कायद्याने प्रत्येक केंद्रीय खात्यावर जबाबदारी टाकली, की कोण पात्र हे खात्याने ठरवून सगळ्या कर्मचाऱ्यांना कळवावं. आणि दोन प्रकारच्या लोकांना कायद्यातच बाहेर ठेवलं: वर्षभरात पाच दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल अधिकृत कारवाई झालेले, आणि सरकारी संगणकावर अश्लील चित्रं पाहिल्याबद्दल अधिकृत कारवाई झालेले. हसण्याआधी बांधणी पाहावी. ‘चारित्र्य शंकास्पद असलेले’ असं लिहिलेलं नाही. कोणतं कृत्य, किती दिवस, आणि कारवाई झालेली असली तरच. आपल्याकडे हेच ‘शिस्तीचे पालन करणारे कर्मचारी’ असं झालं असतं, आणि मग शिस्त म्हणजे साहेबांना गुड मॉर्निंग म्हणणं की काय, यावर मीटिंग.

घर कोणतं, हाही प्रश्न आहेच. नोटिशीत ‘घरून’ असतं, पण पुण्यातल्या कॉट बेसिसवरची खोली घर की जळकोटचं? कंपनीत दिलेला पत्ता हेच घर, असं लिहिलं तर मुलाला तो आधी बदलून घ्यावा लागेल. आणि निव्वळ ‘जळकोट’ लिहून चालत नाही. तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर दुसरं जळकोट आहे. कुरिअरने पाठवलेला लॅपटॉप चुकीच्या जळकोटला उतरला, तर तो परत मिळवण्याचं कामही घरूनच करावं लागेल. उदगीरपासून थोडं पुढे सरकलं की कर्नाटक लागतं, आणि व्यवसाय कर राज्याराज्याचा वेगळा. तेव्हा ‘महाराष्ट्रातील नोंदवलेला एकच पत्ता, जिल्हा आणि पिनकोडसह’ इतकं तरी हवं.

आता ठरवणारा. ‘व्यवस्थापन’, ‘सक्षम प्राधिकारी’, ‘वरिष्ठ’ हे तिन्ही शब्द काढून टाकावेत. सक्षम प्राधिकारी हा महाराष्ट्रातला सगळ्यात व्यग्र माणूस आहे, प्रत्येक आदेशात असतो आणि एकाही खुर्चीत सापडत नाही. त्याच्या जागी एक पद लिहायचं: ‘निर्णय कर्मचाऱ्याचा थेट रिपोर्टिंग मॅनेजर घेईल. एचआर फक्त अटींची तपासणी करेल. अटी पूर्ण असतील तर एचआरला नकार देता येणार नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहायला धीर लागतो, पण त्याच्याशिवाय दोन टेबलांमधला झोका थांबत नाही. मग मॅनेजर रजेवर असेल तर कोण? दसऱ्याच्या आठवड्यात निम्मे मॅनेजर रजेवर असतात. त्या पदाच्या वरचा अधिकारी, असं लिहून मोकळं व्हायचं. किती दिवसांत? समजा, कामाचे तीन दिवस. आणि तीन दिवसांत उत्तरच आलं नाही तर? इथे बहुतेक नोटिसा श्वास रोखतात. मौन म्हणजे होकार की नकार, हे ज्या नोटिशीत लिहिलेलं नाही, तिथे कर्मचारी होकार धरून लातूरची गाडी पकडतो आणि मॅनेजर नकार धरून सोमवारी हजेरी बघतो. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं.

नकाराची कारणंही ठरलेली हवीत. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेत किंवा वेळेत बदल मागणाऱ्या कर्मचाऱ्याला नकार देताना मालकाला कायद्यातल्या आठ कारणांपैकीच एक द्यावं लागतं: जादा खर्च, ग्राहकांना सेवा देता न येणं, कामाचा दर्जा घसरणं वगैरे. एप्रिल २०२४ पासून उत्तर दोन महिन्यांत द्यायचं आहे आणि नकारापूर्वी कर्मचाऱ्याशी बोलणंही सक्तीचं आहे. आठ कारणं आपल्याला जड वाटली तर तीन लिहावीत. ‘टीमचं वातावरण’ त्यात नसावं.

आपल्या मुलाच्या कंपनीची नोटीस सुधारली तर साधारण अशी होईल: ‘जोडपत्र १ मधील पदांवर असलेला आणि रुजू होऊन १८० दिवस झालेला कर्मचारी, कंत्राटीसह, सोमवार ते शुक्रवार या आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस महाराष्ट्रातील आपल्या नोंदवलेल्या पत्त्यावरून काम करू शकतो. पात्र असणे म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरी थेट मॅनेजर देईल. तो रजेवर असल्यास त्याचा वरिष्ठ. अर्ज दोन दिवस आधी. तीन कामाच्या दिवसांत उत्तर न आल्यास अर्ज मंजूर समजावा. नकार जोडपत्र २ मधील कारणानेच आणि लेखी. त्यावर दाद विभागप्रमुखाकडे, त्यांचा निर्णय अंतिम.’

बारकाईने वाचणाऱ्याला यातही एक चूक सापडेल. अर्ज दोन दिवस आधी आणि उत्तराला तीन दिवस, म्हणजे उत्तराची मुदत संपण्याआधीच मुलगा गावी पोचलेला असेल. अशा चुका लिहिणाऱ्याला दिसत नाहीत, सुट्टी हवी असलेल्याला पहिल्या वाचनात दिसतात. म्हणून नोटीस बोर्डावर लावण्याआधी मसुदा तिघांना द्यावा: पुढच्या आठवड्यात रजेवर जाणाऱ्या एका मॅनेजरला, कंत्राटावरच्या एका कर्मचाऱ्याला, आणि ज्याचं गाव तीनशे किलोमीटरवर आहे अशा एकाला. तिघांना एकच विचारावं: ‘तुमचं यात बसतंय का, आणि हो कोण म्हणणार?’ तिघांची उत्तरं लिहिणाऱ्याच्या उत्तराशी जुळली, तर नोटीस लावावी. जुळली नाहीत तर बोर्ड आणखी दोन दिवस रिकामा राहू द्यावा. आणि अर्जाची मुदत दोनऐवजी पाच दिवस करायला विसरू नये.